हवंय तिथे पाठमोरा माणूस, भीतीच्या जागी लग्न

*ताई, नमस्कार. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत काम करते. वय 36. घटस्फोटाला सहा वर्षं झाली, नऊ वर्षांची मुलगी आहे, दादा-वहिनीकडे राहते. ओळखीतल्या एकांनी लग्नाबद्दल विचारलंय. माणूस चांगला आहे. सकाळी मी हो म्हणायचं ठरवते आणि रात्री नको वाटतं. मैत्रिणीने दिलेला टॅरोचा कॅट घरात पडून होता, त्यावर 'इच्छा आणि भीती' ही पाच पानांची मांडणी करून पाहिली. 'मला काय हवंय' तिथे एट ऑफ कप्स आलं. 'कशाची भीती' तिथे टू ऑफ कप्स. 'दोन्ही कुठे अडकतं' तिथे फोर ऑफ पेंटॅकल्स, 'भीतीचं मूळ' तिथे फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, 'पुढचं पाऊल' तिथे जस्टिस. हवंय तिथे निघून जाणारा माणूस आणि भीतीच्या जागी चक्क लग्नाचं पान! काहीतरी चुकलं म्हणून परत मांडलं, मग आणखी एकदा. दर वेळी वेगळंच. फक्त फोर ऑफ पेंटॅकल्स दुसऱ्यांदाही आलं तेव्हा अंगावर काटा आला. मला खरं तर मुलीचीच काळजी वाटते, बाकी कसली नाही. यातली कोणती मांडणी खरी मानू?*

*– एक वाचक, सातारा*

पहिली माना. बाकीच्या दोन वहीतून खोडून टाका.

पहिल्या मांडणीत काही दैवी असतं म्हणून मी हे म्हणत नाही. पहिल्यांदा पत्ते पिसताना तुमच्या मनात लग्नाचा प्रश्न होता. दुसऱ्यांदा पिसताना 'मघाशी आलं ते चुकीचं होतं ना?' हा प्रश्न होता. जागांची नावं तीच राहिली, पण विचारणं बदललं, त्यामुळे उत्तर कशाला लावायचं तेच उरलं नाही. शिवाय 78 पानांतून पाच उचलली की ती दर वेळी वेगळीच येणार. ठरावीक जागी पुन्हा तेच पान पडण्याची शक्यता 78 मध्ये एक. वेगळं आलं म्हणून पत्ते गोंधळलेत किंवा तुमच्यावर रागावलेत असं काही नसतं.

अंगावर काटा आला त्याबद्दलही सांगून टाकते. दोन वेळा पाच-पाच पानं काढली तर पहिल्यातलं एखादं तरी पान दुसऱ्यात येण्याची शक्यता सुमारे 29 टक्के असते. दहातल्या जवळजवळ तीन वेळा हे होणारच. फोर ऑफ पेंटॅकल्स तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, त्याकडे मी येतेच आहे, पण ते दोनदा आलं हे त्याचं कारण नाही.

आता ज्या गोष्टीने तुम्ही दचकलात ती. भीतीच्या जागी गोड पान आणि इच्छेच्या जागी उदास पान आलं की नव्याने पत्ते हातात घेतलेली जवळपास प्रत्येक व्यक्ती मांडणी मोडते. माझ्या मते या पाच पानांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो नेमका अशा वेळी. इच्छेच्या जागी सूर्य आणि भीतीच्या जागी कोसळणारा टॉवर आला, तर तुम्हाला नवीन काय कळणार? चांगलं हवं असतं आणि वाईटाची भीती असते, एवढंच. ते कळायला पत्ते कशाला हवेत?

तुमच्याकडचा कॅट बहुधा 1909 साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन यांनी काढलेल्या कॅटाची आवृत्ती असणार. त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची. वेट यांनी त्या कॅटावर जे पुस्तक लिहिलं त्यात दहा पानांची एक मांडणी आहे, आजही ती सगळीकडे वापरतात. त्यातल्या नवव्या पानाची जागा आहे 'आशा किंवा भीती'. दोन्हींना मिळून एकच जागा. ही जागा अनेकांना छळते, कारण समोर पडलेलं पान आशेचं समजायचं की भीतीचं, हे ठरवायला काही आधार नसतो. पण त्यामागचं निरीक्षण खरं आहे: माणूस ज्याची आस धरतो त्यालाच पुष्कळदा घाबरतो. पाच पानांच्या मांडणीत ही एक जागा फोडून दोन केलेल्या आहेत, म्हणजे इच्छा आणि भीती शेजारी ठेवून पाहता येतात. त्या दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत की दोन वेगळ्या गोष्टींबद्दल, हा या मांडणीचा खरा प्रश्न. उरलेली तीन पानं त्याच्या मदतीला असतात.

तुमच्या पानांकडे येण्याआधी मांडायची रीत थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हाला आणि इतर वाचकांनाही लागेल. पत्त्यांना हात लावायच्या आधी कागदावर पाच जागा लिहा आणि त्यानंतर त्या बदलू नका. पान पाहिल्यावर 'हे मूळ नसेल, हे पाऊल असेल' अशी अदलाबदल सुरू झाली की आपल्याला हवं ते वाचून होतं. प्रश्न हो-नाहीचा नको. 'लग्न करू का?' हा प्रश्न या पाच जागांत बसतच नाही. 'या लग्नाबद्दल मला काय हवंय आणि कशाची भीती वाटते?' हा बसतो. पिसून झालं की पहिलं पान डावीकडे, दुसरं उजवीकडे, तिसरं दोघांच्या मध्ये, चौथं त्या मधल्याच्या खाली आणि पाचवं वर. सगळी पालथी. उघडल्यावर चित्र डोक्यावर उभं दिसतं ती उलटी पानं या मांडणीत मी वापरत नाही, उलटं आलं तर सुलटं करून ठेवते. हवं-नकोची ओढाताण दोन जागांमध्ये आधीच आहे, त्यात पुन्हा प्रत्येक पानाला उलट-सुलट लावलं की नवख्याच्या हाती काही लागत नाही. डाव्या हाताने कापणं, रेशमी रुमाल, मेणबत्ती हे ज्याला आवडतं त्याने करावं.

पहिली दोन पानं एकदम उघडायची. एक उघडून त्यावर विचार करत बसलात तर दुसरं त्याच्या रंगाने रंगतं. पुस्तक मिटलेलं ठेवा, मोबाइलवर अर्थ शोधू नका, आणि चित्रात कोण काय करतंय ते प्रत्येकी दोन ओळींत लिहा. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण हात लगेच 'म्हणजे' लिहायला लागतो. मग तिसरं आणि चौथं. पाचवं पान मात्र आधीच्या चारांवर लिहून झाल्याशिवाय उघडायचं नाही, वाटल्यास दुसऱ्या दिवशी उघडा. 'पुढे काय करू' याचं पान एकदा दिसलं की डोळे तिथेच चिकटतात आणि मागची चार पानं त्याला साक्षीदार म्हणून उभी केली जातात.

तर तुमचं एट ऑफ कप्स. चित्र नीट पाहा. पुढे आठ पेले रचून ठेवलेत, खाली पाच आणि वर तीन. एकही पेला सांडलेला नाही, फुटलेला नाही. पण वरच्या रांगेत मध्ये एक फट आहे, आणखी एक पेला मावेल एवढी. लाल कपड्यातला माणूस काठी घेऊन पाठमोरा डोंगराकडे निघालाय. वर चंद्र आहे, म्हणजे रात्रीची वेळ. कुणी त्याला हाकलत नाहीये, कुणी मागे लागलेलं नाही. चांगलं रचलेलं काहीतरी तो सोडून चाललाय, कारण त्यात एक जागा रिकामी आहे.

हे पान 'मला काय हवंय' तिथे आल्यावर तुम्ही काय वाचलंत ते मला कळतं: मला या माणसापासून दूर जायचंय. पण आज तुम्ही कुठे आहात? त्याच्या घरात नाही. दादा-वहिनींच्या घरात आहात. रचलेले पेले असतील तर ते त्या घरातले: वहिनी चांगली आहे, मुलीची शाळा जवळ आहे, जेवणखाण सुखाचं आहे, आणि तरी रात्री दिवा केव्हा मालवायचा हे आपण ठरवत नाही. हे मी कल्पनेने लिहितेय, तुमची फट तुम्हाला माहीत. तुम्हाला निघायचंय, एवढं मात्र हे पान सरळ सांगतं.

या पानात एक गोष्ट नाही आणि ती महत्त्वाची आहे. माणूस कुठे चाललाय ते दाखवलेलं नाही. डोंगर आहे, पाणी आहे, पण घर नाही, दिवा नाही, वाट पाहणारं कुणी नाही. इच्छेच्या जागी आलेल्या पानावर मी एक साधी परीक्षा लावते. त्यावर लिहिलेल्या वाक्यात 'नको' किंवा 'नाही' आलं, तर ती अजून इच्छा झालेली नाही. 'मला दादाच्या घरात राहायचं नाही' हे वाक्य तुम्ही लिहिलंत तर ते खरं असेल, पण अर्धं असेल. ते पुरं करण्यासाठी स्वतःला हे विचारा: समजा साताऱ्यातच दोन खोल्या भाड्याने मिळाल्या, तुमच्या पगारात बसल्या, आणि तुम्ही व मुलगी तिथे राहायला गेलात. लग्नाचं काही ठरलेलं नाही. मग मनातली ओढ किती उरेल? जवळजवळ सगळी शमली, तर तुम्हाला घर हवंय. तशीच राहिली, तर तुम्हाला हा माणूस हवाय. बहुतेकांचं उत्तर मध्ये कुठेतरी पडतं आणि तेही चालेल, पण किती इकडे आणि किती तिकडे हे तुम्हाला माहीत असायला हवं.

आता उजवीकडे या. टू ऑफ कप्सला 'लग्नाचं पान' म्हणायची पद्धत पडलीये, पण त्यात लग्न लागत नाहीये. ना मांडव, ना पाहुणे. दोन माणसं समोरासमोर उभी आहेत, दोघांच्या हातात एकेक पेला, दोघांची उंची जवळपास सारखी. पुरुष एक पाऊल पुढे टाकून हात पुढे करतोय. दोघांच्या मध्ये वर दोन सापांचा दंड आणि त्यावर पंख असलेलं सिंहाचं डोकं. मागे लांब टेकडीवर एक घर दिसतं. यातला गाभा म्हणजे देवाणघेवाण. मी माझ्या पेल्यातलं देणार, तू तुझ्या पेल्यातलं देणार, आणि ते सारखं असणार.

हे भीतीच्या जागी येणं म्हणजे 'लग्न करू नका' असा निरोप नाही. भीतीच्या जागचं पान भविष्य सांगत नाही. तिथे टॉवर आला म्हणून घर पडत नाही आणि टू ऑफ कप्स आलं म्हणून माणूस वाईट ठरत नाही. ते फक्त विचारतं: या चित्रातलं नेमकं काय तुम्हाला नको वाटतं? समोरचा पुढे येतोय, ते? आपल्याला पेला पुढे करावा लागेल, ते? की समोरचा चांगला निघाला तर पुन्हा कुणावर भरवसा टाकावा लागेल, ते? 'माणूस चांगला आहे' असं तुम्हीच लिहिलंय. वाईट माणसाला नको म्हणायला रात्री जागावं लागत नाही.

आता दोन्ही पानं शेजारी पाहा. इच्छेच्या पानात एकटा माणूस आहे, भीतीच्या पानात दोघं. इच्छा निघण्याची आहे, भीती जोडलं जाण्याची. म्हणजे या दोन्ही एकाच गोष्टीबद्दल नाहीत. त्या माणसाच्या एका प्रश्नात मात्र दोन्ही एकत्र बांधल्या गेल्या: त्याला हो म्हटलं की दादाचं घर सुटतं, आणि त्याच हो मध्ये पेला पुढे करावा लागतो. सकाळी तुम्ही पहिल्या गोष्टीला हो म्हणता, रात्री दुसरीला नको म्हणता. तुमचं मन चंचल आहे असं मला यात कुठेच दिसत नाही. दोन प्रश्नांची दोन उत्तरं आहेत आणि तुम्ही ती एका शब्दात द्यायला निघाला आहात.

मग मधलं पान, फोर ऑफ पेंटॅकल्स. मुकुट घातलेला माणूस दगडावर बसलाय. एक नाणं मुकुटावर, एक दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं, दोन पायांखाली दाबलेली. मागे शहर आहे आणि त्याची पाठ त्या शहराकडे. पुस्तकं याला कंजूष म्हणतात. मला ते पटत नाही, निदान तुमच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्याने उठायचं म्हटलं तर काय होईल ते बघा: उभं राहिलं तर डोक्यावरचं पडेल, चाललं तर पायाखालची सुटतील, कुणाशी हात मिळवायचा तर छातीवरचं सोडावं लागेल. आता त्याच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या पानांतली माणसं आठवा. एक चालतोय, दोघं पेले पुढे करताहेत. या बसलेल्या माणसाला यातलं काहीच करता येणार नाही, जोवर चारही नाणी तो स्वतःच्या अंगानेच धरून आहे.

तुमची चार नाणी कोणती, ते नावानिशी लिहा. पतसंस्थेतली नोकरी आणि स्वतःच्या नावावरचा पगार हे एक असणार. मुलीच्या नावाची ठेव असेल. सहा वर्षांत कमावलेली 'ही कुणावर अवलंबून नाही' ही ओळख, तीही एक. चौथं तुम्ही शोधा. लिहून झालं की प्रत्येकासमोर लिहा, हे लग्नाने खरंच जाणार आहे, जाऊ शकतं, की फक्त जाईल असं वाटतंय? पगार जाणार नाही, नोकरी सोडलीत तरच जाईल. ठेव जाणार नाही. ओळखीचं उत्तर इतक्या पटकन देता येणार नाही, तिथे थांबा.

मुळाच्या जागी फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स. बर्फ पडतंय, दोन माणसं रस्त्याने चालली आहेत. एक बाई अनवाणी, शाल लपेटलेली, आणि मागे कुबड्या घेतलेला जखमी माणूस. वर रंगीत काचेची खिडकी उजळलेली आहे, आत ऊब असणार. पण चित्रात दार कुठेही दिसत नाही. मधल्या पानातला माणूस नाणी इतकी घट्ट का धरून बसलाय, त्याचं कारण खालच्या पानात आहे. तो एकदा या रस्त्याने चालून आलाय. पहिलं घर सोडलंत तेव्हा तुमच्या हातात काय होतं, मुलगी तीन वर्षांची असताना कोणत्या खिडकीखालून तुम्ही गेलात, हे मला माहीत नाही आणि मला कळवायचीही गरज नाही. तुम्ही लिहा. इथे एका फरकाकडे लक्ष द्या. ही भीती समोरच्या माणसाने दिलेली नाही, ती त्याच्या आधीची आहे. तो कितीही चांगला वागला तरी त्याच्या वागण्याने ती जाणार नाही, आणि ती जात नाही म्हणून तो खोटा ठरत नाही.

मुलीबद्दल लिहिलंय त्यावर जरा स्पष्ट बोलते, रागावू नका. तुमच्या पाच पानांत कुठेही लहान मूल नाही. सिक्स ऑफ कप्समधली मुलं नाहीत, सूर्याच्या पानातलं घोड्यावरचं बाळ नाही. यावरून 'मुलीचा प्रश्नच नाही' असा निष्कर्ष काढायचा नाही, कारण 78 पैकी 73 पानं कॅटातच राहिली आणि न आलेल्या पानांना काही अर्थ नसतो. पण तुमच्या पत्रातलं 'मुलीचीच, बाकी कसली नाही' हे वाक्य मला खटकलं. मुलीची काळजी खरी आहेच. ती चारचौघांत सांगताही येते, वहिनीपुढे, आईपुढे, त्या माणसापुढेसुद्धा, आणि कुणी पुढे काही विचारत नाही. 'मला पुन्हा रिकाम्या हाताने रस्त्यावर यायची भीती वाटते' हे सांगायला जड जातं. दोन्ही भीतींसाठी दोन वेगळे कागद करा. मुलीच्या कागदावरचे प्रश्न व्यवहाराचे निघतील: शाळा कोणती, ती त्यांना काय म्हणून हाक मारणार, त्यांच्या घरी आणखी कोण आहे, तिला वेगळी जागा मिळणार का, आणि तिने त्यांना आतापर्यंत किती वेळा पाहिलंय. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'एकदाही नाही' असेल, तर ते आधी करा.

राहिलं जस्टिस. दोन खांबांच्या मध्ये बसलेली व्यक्ती, उजव्या हातात सरळ उभी तलवार, डाव्या हातात तराजू. डोळ्यांवर पट्टी नाही, ती थेट तुमच्याकडे बघते. झग्याखालून एका पायाचं टोक बाहेर आलंय, म्हणजे बसलेली असली तरी उठायची तयारी आहे. आधीच्या चार पानांनंतर हे वाचायला अवघड नाही. तराजूत टाकायचं म्हणजे वेगळं करून टाकायचं. पुढचं पाऊल हो म्हणणं नाही आणि नाही म्हणणंही नाही. पुढचं पाऊल अटी बोलण्याचं आहे. 

अटी हा शब्द आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात वाईट दिसतो, विशेषतः बाईच्या तोंडी. पहिल्या लग्नात देणंघेणं, मानपान, साड्या यांवर याद्या होतात आणि त्याला कुणी अट म्हणत नाही! तुम्ही तुमची यादी करा. नोकरी चालू राहील. पगार माझ्याच खात्यात येईल, घरखर्च अमुक वाट्याने. मुलीच्या ठेवीला हात लागणार नाही. विम्याला, ठेवींना, भविष्य निर्वाह निधीला नॉमिनी कोण, लग्नानंतर बदलायचं की नाही. राहायचं कुठे, घर कुणाच्या नावावर, त्यांच्यावर कर्ज आहे का. तुमच्या हातातल्या नाण्यांपैकी कुठलं ठेवणार आणि कुठलं स्वखुशीने समोर मांडणार, हे त्या यादीतून दिसेल. टू ऑफ कप्समध्ये दोघांच्याही हातात पेला आहे हे विसरू नका, त्यांचीही यादी मागा.

एक भाग पत्त्यांच्या पलीकडचा आहे. आधीच्या नवऱ्याकडून तुम्हाला पोटगी मिळत असेल, तर हिंदू विवाह कायद्यानुसार तुम्ही पुन्हा लग्न केल्यावर तो ती बदलून किंवा रद्द करून मागायला कोर्टात जाऊ शकतो. मुलीच्या खर्चाची त्याची जबाबदारी हा वेगळा विषय आहे, तुमच्या लग्नाने ती आपोआप संपत नाही. मुलीच्या ताब्याबद्दल निकालात काय लिहिलंय तेही पुन्हा वाचा. निकालाची प्रत घेऊन एकदा वकिलाकडे जा. जस्टिसचं पान आलं म्हणून नव्हे, ते आलं नसतं तरी जायचंच होतं.

आणि या यादीवर तो माणूस कसा वागतो ते बघा. त्याला वेळ लागला, तो थोडा ओशाळला, एखाद्या मुद्द्यावर अडला, तर ते साहजिक आहे. पण पगाराचं खातं, एटीएम कार्ड, नोकरी सोडणं यावर तो चिडला, किंवा 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणून विषयच बंद करू लागला, तर मग तुमची भीती जुनी राहिली नाही. ती समोर बसलेली आहे, आणि तिच्यासाठी पत्ते मांडत बसू नका. तेव्हा दादाशी बोला.

रात्रीचं नको वाटणं झोपेवर आलं असेल, छातीत धडधड, घाम, पहाटे जाग असं काही असेल, तर डॉक्टरांना दाखवा. रात्री अकरानंतर मांडणी अजिबात करू नका. थकलेल्या डोक्याला नाइन ऑफ स्वोर्ड्समध्ये पलंगावर उठून बसलेली बाई हमखास स्वतःसारखी दिसते आणि पुढचे चार दिवस त्यात जातात.

पुन्हा कधी मांडायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. ती यादी त्यांच्यापुढे ठेवल्यानंतर. त्याआधी नाही, कारण त्याआधी नवीन काही घडलेलंच नसतं आणि तुम्ही फक्त वेगळ्या पानांची वाट बघत असता. मांडाल तेव्हा पहिल्या जागेचं वाक्य आधी लिहून घ्या, 'नको' आणि 'नाही' न वापरता. ते लिहिता येत नसेल तर कॅट डब्यातच राहू द्या आणि दोन खोल्यांच्या भाड्याची चौकशी करून या.